ब्लेड राहू दे गं

वाचकाचं पत्र

१९९७ च्या ऑगस्टमध्ये मी उदगीरहून इंजिनिअरिंगसाठी पुण्याला आले. रात्रीची एसटी होती. आता आमच्या बॅचचं संमेलन आहे. घर सोडलं त्या दिवशीच्या स्वतःला पत्र म्हणून प्रत्येकाने एक कविता वाचायची आहे. मी बावीस ओळी लिहिल्या, पण वाचताना मुख्याध्यापिकेचं भाषण वाटतं. त्या दिवशी बाबा माझ्याशी धड बोललेही नाहीत. ट्रंकेवर पांढऱ्या ऑइलपेंटने माझं नाव काढलं, टपावर चढून ती बांधत बसले, आणि खाली उतरले तोवर गाडी सुटायची वेळ झाली. त्याचा मला फार राग होता. (गाठी इतक्या घट्ट होत्या की वसतिगृहात मी त्या ब्लेडने कापल्या. तुकडे जोडून चार वर्षं त्यावर कपडे वाळत घातले, पण माझ्या गाठी सारख्या सुटायच्या.) पुढच्याच फेब्रुवारीत, मी पहिल्या वर्षाला असताना, बाबा गेले. ते जाणार आहेत हे त्या मुलीला कवितेत सांगावं का? न सांगावं तर लपवाछपवी वाटते, आणि सांगितलं की पुढे लिहवत नाही.

— एक वाचक, पुणे

उत्तर

तुमच्या पत्रात कंस एकच आहे आणि कविता त्या कंसात आहे. सोबत पाठवलेल्या बावीस ओळींत मात्र ट्रंक नाही, टप नाही, दोरी नाही. तिथे 'नकोस' नऊ वेळा आलं आहे: घाबरू नकोस, रडू नकोस, मागे वळून बघू नकोस. मला पत्र लिहिताना तुम्ही घडलेलं सांगितलंत आणि त्या मुलीला लिहिताना उपदेश केलात. दोन्ही एकाच आठवड्यात, एकाच हाताने लिहिलेलं. म्हणजे लिहिता येत नाही ही तुमची अडचण नाही. त्या मुलीशी बोलताना तुमचा आवाज का बदलतो, ते बघायला हवं.

मला वाटतं, तुम्ही दोन गोष्टी धरून चालला आहात. एक म्हणजे, तुम्ही मोठ्या आणि ती लहान, त्यामुळे शहाणपण तुमच्याकडून तिच्याकडे जायचं. दुसरी, पत्र तिला बसस्टँडवर, गाडी सुटायच्या आधी मिळायला हवं. या दोन्ही जरा हलवून बघू.

पहिल्या गोष्टीसाठी एक जुनी कथा उपयोगी पडते. चांगदेव ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले आणि मायन्यालाच अडले. वयाने लहान म्हणून 'चिरंजीव' लिहावं, की ज्ञानाने मोठे म्हणून 'तीर्थरूप'? काही ठरेना, म्हणून त्यांनी कोराच कागद पाठवला. त्याला उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांनी ज्या पासष्ट ओव्या लिहिल्या ती 'चांगदेव पासष्टी'. पत्र आणि कविता एकत्र येणं आपल्याकडे इतकं जुनं आहे, आणि या कथेत त्याची सुरुवात मायना न सुचण्यापासून झाली आहे. तुमचीही अडचण तीच आहे. उदगीरच्या स्टँडवरची ती मुलगी तुमच्याहून लहान आहे, पण ती आधी होती. दोरी तिने हातात धरली होती. बाबांची पाठ तिने बघितली. तुम्हाला आज जे आठवतं, ते तिच्यामुळेच. ज्या माहितीवर कविता उभी राहायची आहे ती सगळी तिच्याकडे आहे, आणि तुमच्याकडे फक्त नंतर काय झालं ते आहे. तिला शिकवायला न जाता तिने काय पाहिलं ते विचारायला गेलात, तर मुख्याध्यापिकेचा आवाज आपोआप जाईल.

मग मायना कोणता? 'प्रिय मी' नको. मराठीत असं कुणी कुणाला लिहीत नाही. 'चि.' चालेल, पण तुमच्याकडे त्याहून चांगला मायना रंगवलेला आहे. ट्रंकेवर बाबांनी जे काढलं ते नुसतं नाव नसणार. वसतिगृहात ट्रंका सारख्या दिसतात म्हणून पूर्ण नाव घालतात: आधी तुमचं, मधे त्यांचं, मग आडनाव. त्या दिवशी ते धड बोलले नाहीत, पण ब्रशने त्यांनी स्वतःचंही नाव लिहिलं. ते तीन शब्द जसेच्या तसे कवितेच्या डोक्यावर लिहा. लग्नानंतर तुमचं मधलं नाव बदललं असेल, तर ऐकणाऱ्यांना त्यातून आणखी काही कळेल. ते तुम्ही समजावून सांगू नका.

आता कवितेचा घाट. तुमच्या बावीस ओळी मुक्तछंदात आहेत. मुक्तछंद वाईट नाही, पण उपदेश करायची सवय लागलेली असेल तर तो उपदेशाला कितीही जागा देतो. म्हणून मी तुम्हाला मोठा अभंग सुचवते. त्याचं माप सोपं आहे. एका कडव्यात चार चरण असतात, पहिल्या तिघांत सहा सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचं यमक जुळतं. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही. जोडाक्षर एकच मोजायचं, आणि 'हात'मधला शेवटचा 'त' बोलताना अर्धा ऐकू आला तरी पूर्ण धरायचा. बोटांवर मोजता येतं. सहा अक्षरांत 'आयुष्याच्या वाटेवरील अंधार' बसत नाही, ट्रंक बसते:

*ट्रंकेवर नाव*
*पांढऱ्या रंगात*
*बाबांच्या हातात*
*ब्रश ओला*

हे तुमच्याच पत्रातलं आहे, मी फक्त मोजलं. छोट्या अभंगात प्रत्येकी आठ अक्षरांचे दोन यमकबद्ध चरण असतात. तोही करून पाहिला, पण त्याची चाल फार लवकर डोलायला लागते आणि तुमचा विषय डोलणारा नाही. मोठ्या अभंगात चौथा चरण तोकडा पडतो. तिथे आवाज थांबतो आणि ऐकणारा त्या रिकाम्या जागेत स्वतः काहीतरी ठेवतो.

या मापात बिघाड कुठून होतो, तेही दाखवते, कारण तुमच्यासारख्या बऱ्याच जणांच्या कविता माझ्याकडे येतात आणि चूक जवळजवळ तीच असते. हे बघा:

*टपावर तेव्हा*
*बाबा ते चढले*
*अश्रूही अडले*
*नयनी गं*

अक्षरं बरोबर आहेत, यमक बरोबर आहे आणि कडवं खोटं आहे. 'ते' आणि 'ही' केवळ भरती म्हणून आले आहेत. ते काढले तर अर्थ हलत नाही, आणि भरती ओळखायची हीच खूण. 'नयनी' हा शब्द तुम्ही घरात कधी उच्चारला नसेल. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे अश्रू. ते बाबांच्या डोळ्यांत नव्हते, 'चढले'ला जुळणारं काहीतरी हवं म्हणून आले. यमकाने कवितेत नवा प्रसंग आणला की थांबायचं आणि स्वतःला विचारायचं: हे झालं होतं का? झालं नसेल तर यमकाचा शब्द बदलायचा. मी 'चढले' सोडून तुमच्या पत्रातला 'गाठी' धरला:

*टपावर बाबा*
*गाठीवर गाठ*
*वळली न पाठ*
*उतरेतो*

'गाठ'ने 'पाठ' आणली आणि पाठ खरी होती. पण हे तुम्ही तपासा. टपावर ते कुठल्या बाजूला तोंड करून होते, तुम्ही खिडकीत होतात की खाली शिडीपाशी? खिडकीत असाल तर टप दिसणारच नाही, वरून फक्त आवाज येईल, ट्रंक सरकल्याचा, पाय आपटल्याचा. मग कडवं कानाने लिहावं लागेल आणि ते कदाचित याहून चांगलं होईल.

इथे एक सावधगिरी. घर सोडण्याच्या आपल्या आठवणींत सगळ्यांच्या सामाईक वस्तू फार मिसळतात: हातावरचं दही, देवापुढचा नमस्कार, आईने पदराने टिपलेले डोळे. मीही तुमच्यासाठी एक कडवं असंच लिहून बसले:

*'जाते' म्हणालीस*
*आई थबकली*
*चूक सुधारली*
*'येते' म्हण*

कडवं कानाला बरं वाटतं. 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, हे घराघरांत आहे. पण तुमच्या घरी, त्या संध्याकाळी असं झालं का, ते मला माहीत नाही. झालं नसेल तर काढून टाका, कितीही आवडलं तरी. त्याऐवजी आईंना फोन करा. मोघम विचारू नका. 'तुला तो दिवस आठवतो का' असं विचारलंत तर त्या 'हो गं' म्हणतील आणि गप्प होतील. डब्यात काय दिलं होतं, दोरी कुठून आणली होती, घरात होती की बाबांनी मुद्दाम विकत आणली, स्टँडवर कोण कोण आलं होतं, असं एकेक विचारा. माणूस भावना विसरतो, पण डब्यात काय होतं ते नाही विसरत. दोरीबद्दल तर नक्की विचारा. ती सुताची होती, काथ्याची होती की नायलॉनची, यावर गाठी का सुटत नव्हत्या ते ठरेल. सुती दोरी ओली झाली की गाठ आवळते. ऑगस्ट होता, टप उघडा. वाटेत पाऊस लागला असेल, तर गाठी सगळ्या बाबांनीच आवळल्या नव्हत्या.

आता तुमचा खरा प्रश्न. सांगावं का?

सांगून बघू. सांगितलं तर असं होईल:

*माघात येईल*
*घरून निरोप*
*उडेल ती झोप*
*कायमची*

यापुढे लिहवत नाही, कारण यापुढे काही उरतच नाही. तुम्हाला वाटतंय तुमचं मन कच्चं पडतंय. मला वाटतं, तुमचं मन बरोबर सांगतंय. विचार करा, ती मुलगी हे वाचेल आणि खरं मानेल, तर ती काय करेल? पहिल्या थांब्यावर उतरेल आणि परतीची गाडी पकडेल. कुठलीही मुलगी तेच करेल. मग पुणं नाही, इंजिनिअरिंग नाही, हे संमेलन नाही आणि पत्र लिहिणाऱ्या तुम्हीही नाही. आणि ती उतरणार नसेल, तर आपण तिच्या हातात असं काही ठेवलं ज्याचं तिला काहीच करता येणार नाही, फक्त सहा महिने वाट बघत बसायचं. दोन्हींत पत्र मोडतं.

पण न सांगणं म्हणजे लपवणंही नाही, कारण हे पत्र दोघं ऐकणार आहेत. एक ती मुलगी आणि दुसरे सभागृहातले तुमचे मित्र. तिला कळायला नको ते त्यांना कळू शकतं. एखादं वाक्य मुलीला साधं वाटेल आणि पन्नाशीकडे आलेल्या माणसाला त्यातलं नेमकं कळेल, अशी जागा शोधायची. ती तुमच्या कंसात होती, 'माझ्या गाठी सारख्या सुटायच्या' या शब्दांत:

*तशा गाठी पुन्हा*
*कुणी मारल्या ना*
*मलाही येईना*
*आजवर*

मुलीला यातून एवढंच कळेल की बाबा गाठी चांगल्या मारायचे. सभागृहाला 'पुन्हा कुणी'पाशी कळेल. मृत्यू हा शब्द नाही, माघ नाही, आणि तरीही तुम्ही काही दडवलेलं नाही.

आणि आता दुसरी गोष्ट, पत्र कुठे पोचवायचं ती. स्टँडवर ते पोचून उपयोग नाही. तिथे ती रागात आहे, घाईत आहे, आणि तिथे तिच्याकडून काही वेगळं होण्यासारखं नाही. बाबांशी नीट बोल म्हणाल, तर ते टपावर आहेत. पण दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या खोलीत एक असा क्षण आहे की जिथे तिच्या हातात खरोखर काहीतरी आहे. ट्रंक खाली ठेवली आहे, गाठ नखांना दाद देत नाही, आणि तिने ब्लेड घेतलं आहे. घर सोडण्याचा दिवस मी तिथवर धरते, दोरी सुटेपर्यंत. पत्र तिथे पोचवा. तुमच्या नऊ 'नकोस'पैकी आठ सोडून द्या आणि एक इथे वापरा, तेही 'नकोस' न म्हणता:

*ब्लेड राहू दे गं*
*नखाने सोडव*
*दिवस घालव*
*चालेल की*

मघाच्या खोट्या कडव्यातलं 'गं' भरतीचं होतं. इथलं 'गं' बोलण्यातलं आहे, काढलंत तर हुकूम होतो. 'चालेल की' हेही मुद्दाम घेतलं. आधीची कडवी तुम्ही मागे वळून बघत बोलता, 'म्हणालीस', 'वळली', अशी. इथे क्रियापद बदलतं आणि तुम्ही एकदम तिच्या खोलीत जाता. काळातली ही उडी एकदाच घ्या. प्रत्येक कडव्यात मागे-पुढे केलंत तर ऐकणाऱ्याला आपण कुठे उभे आहोत तेच कळत नाही.

तुम्ही म्हणाल, तिने तर ब्लेड वापरलं, आता सांगून काय? बरोबर. म्हणूनच ही विनंती कवितेत शोभते. ती इतकी छोटी आहे की ऐकली असती तर एका दुपारपलीकडे काही बदललं नसतं. पण त्या दुपारी तिच्या नखांखाली बाबांची प्रत्येक गाठ आली असती, एकेक करून. गाडी सुटण्यापूर्वी ते काय करत होते ते तिला बोटांनी कळलं असतं.

ज्यांच्या बाबतीत टप नाही, दोरी नाही, त्यांनाही हाच रस्ता आहे. कुणी रेल्वेने गेलं असेल, कुणाला मामाने स्कूटरवर सोडलं असेल, कुणाला कुणीच सोडायला आलं नसेल. त्या दिवशी तुमच्यासोबत घरातून निघालेली आणि नव्या खोलीत पोचलेली एक वस्तू शोधा. तिचं तुम्ही तिथे पहिल्यांदा काय केलंत ते आठवा. पत्र त्या क्षणाला लिहा. आणि घर सुटल्यावर ज्यांना सुटका वाटली, त्यांनी ती सुटका लिहावी. ज्या घरातून पळून यावंसं वाटत होतं, त्याची आठवण कवितेसाठी गोड करू नये. त्या मुलीला किंवा मुलाला ते ओळखू येणार नाही, आणि पत्र ज्याच्या नावाने आहे त्यालाच ते परकं वाटेल.

वाचण्याबद्दल थोडं. आधी प्रस्तावना करू नका. 'ही माझ्या बाबांवर आहे, ते मी पहिल्या वर्षाला असताना गेले,' असं सांगितलंत तर 'तशा गाठी पुन्हा' या कडव्याला काही काम उरणार नाही. माइकपाशी जा आणि ट्रंकेवरचं नाव वाचा, तिन्ही शब्द. मग पहिलं कडवं. चार अक्षरांच्या चरणानंतर एक श्वास थांबा. घरी मोठ्याने तीनदा वाचून बघा. जिथे तिन्ही वेळा जीभ अडते तिथे शब्द परका आहे, तो बदला. जिथे गळा अडतो तिथे काही बदलू नका, फक्त सावकाश वाचा.

माझी कडवी तशीच वापरू नका. ती माप दाखवायला आहेत. आईंशी बोलणं झालं की त्यातली निम्मी चुकीची निघतील, आणि तसंच व्हायला हवं.

आणखी एक कडवं मी लिहून पाहिलं आणि खोडलं. ज्या दोरीवर तुम्ही चार वर्षं कपडे वाळत घातलेत, तिच्यावर काय काय वाळलं, ती खिडकीपासून कुठवर बांधली होती, ती अखेर कुठे गेली, हे मला ठाऊक नाही. पत्र संपल्यावर राहिलेलं काही आठवलं की आपण खाली 'ता. क.' घालतो. 'ता. क. दोरीवर' ही बरोबर सहा अक्षरं होतात. पुढची सोळा तुमची.